चार पोफळी घाला, दृश्य जिवंत करा

कथा परत आली आहे. सोबत एका ओळीची चिठ्ठी आहे: ‘प्रसंग सपाट वाटतो.’ घाबरू नका. तुमच्या कथेत काही चुकलेलं नाही, फक्त कोकण कमी पडलंय. आधी तो प्रसंग नीट वाचून घ्या.

‘विलास कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरला. रिक्षा करून घरी आला. दादा पडवीत बसला होता. “कधी इलंस?” दादाने विचारलं. “आत्ताच इलंय,” विलास म्हणाला. वहिनीने चहा आणला. चहा पिता पिता जमिनीबद्दल बोलणं झालं. मग विलास आंघोळीला गेला.’

काय नाही यात? रेल्वे आहे, रिक्षा आहे, चहा आहे, स्वच्छतासुद्धा आहे. ‘जमिनीबद्दल बोलणं झालं’ हे वाक्य तर कळसच. दोन भाऊ, एक सातबारा आणि सामाईक कलमांची बाग हा सगळा मामला तुम्ही तीन शब्दांत मिटवलात. दिवाणी न्यायालयांना हे कधी जमलेलं नाही. तेव्हा या वाक्याला अजिबात हात लावू नका. ते उघडलंत तर आतून कथा बाहेर येईल आणि मग ती लिहीत बसावी लागेल.

त्यापेक्षा वर्णन वाढवा. पाचही ज्ञानेंद्रियांची हजेरी घ्या. डोळ्यांना नारळी-पोफळी, कानांना समुद्राची गाज, नाकाला सुक्या बांगड्याचा वास, जिभेला सोलकढी आणि त्वचेला खारा वारा. घरापासून समुद्र तासाभरावर असला तरी गाज ऐकू येऊ द्या. कोकण म्हटल्यावर वाचकाचा तेवढा हक्क आहे. हे सगळं पहिल्याच परिच्छेदात उरकलं की पुढे माणसं मोकळेपणाने सपाट बोलू शकतात.

काही अतिशहाणे लेखक उलटं करतात. विलासला काय दिसेल, असं ते विचारतात. याच घरात वाढलेल्या माणसाला पोफळी दिसत नाहीत, त्या आहेत हे त्याला ठाऊक असतं. त्याला दिसतं ते बदललेलं, आणि ज्यासाठी तो आला आहे ते. विलास बाग विकायला आला असेल, तर रिक्षातून उतरताच त्याची नजर डांबरी रस्त्याकडे जाईल, कारण रस्ता आता थेट गडग्यापर्यंत आला आहे आणि त्याने भाव वाढणार आहे. मग तो कलमं मोजील. वास पिकल्या आंब्याचा की मातीचा हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. असं लिहिलं तर वर्णन दोन ओळींत संपतं आणि माणूस विनाकारण कळून जातो. शब्दसंख्येचं केवढं नुकसान!

आता संघर्ष. तो भांडणाने होतो. विलासला ओरडू द्या, दादाला पाट आपटू द्या. शेजारचा काका कोयता घेऊन बांधावर आला तर उत्तम. उद्गारचिन्हं किमान तीन-तीन हवीत.

मात्र खऱ्या गावातला दादा तसं करत नाही, ही अडचण आहे. तो ‘नाही’ कधीच म्हणत नाही. मे महिन्याचा शेवट आहे, पाऊस तोंडावर आलाय, आणि तो पडवीत रातांबे फोडत बसला आहे. साली एका बाजूला, बिया आणि रस पातेल्यात. त्याच रसात मीठ घालून साली पुन्हा पुन्हा बुडवायच्या आणि उन्हात घालायच्या, तेव्हा सोलं होतात. दादाची बोटं लालजांभळी झाली आहेत, नखांच्या कडांना रस झोंबतोय. विलास बॅगेतून संमतीपत्र काढतो. दादा हात वर करून दाखवतो. “हात खराब आसत रे. च्या घे आधी.” विलास चहा घेतो. पुन्हा कागद पुढे करतो. “पावस लागलो काय मुंबयत?” दादा विचारतो आणि पुढचा रातांबा उचलतो.

एकाला सही हवी आहे, दुसऱ्याला ती द्यायची नाही, आणि मध्ये आहेत फक्त लाल झालेले हात. आवाज चढलेला नाही, पाटही जागच्या जागी आहे. रातांबा इथे निसर्गवर्णन राहत नाही, दादाची ढाल होतो. हा प्रकार टाळाच. एकाच तपशिलात वास, रंग आणि नकार असं सगळं बसवलं, तर उरलेल्या पोफळींचं काय करायचं?

राहिला कलाटणीचा क्षण. तो बाहेरून आणावा. वीज कडाडावी, फोन वाजावा, माळ्यावरच्या पेटीत आजोबांचं मृत्युपत्र सापडावं. वाचक दचकतो आणि दचकला म्हणजे काहीतरी घडलं असं समजतो. हे खोटं आहे की खरं, हे ओळखायची एक चाचणी सांगतात, ती तुम्ही करू नका: त्या क्षणानंतर दोघं दुसरा चहा पिऊन मघासारखंच बोलू शकत असतील, तर काहीही वळलेलं नसतं, फक्त आवाज झालेला असतो.

बघा, दुसऱ्या रीतीने किती उपद्व्याप होतो. विलास चिडतो, पण चिडचिड न दाखवता स्वतः उठून तांब्याभर पाणी आणतो. म्हणजे सबब संपली. दादा शांतपणे हात धुतो, पंचाला पुसतो आणि कागद घेतो. वाचकाला वाटतं, विलास जिंकला. दादा कागद खालपर्यंत वाचतो. वडील गेल्यावर वारसनोंदीत नावं तीन लागली होती. सह्यांच्या जागा मात्र दोनच आहेत. तो विलासला काहीच विचारत नाही. आत तोंड करून हाक मारतो, “गो बाय, भायर ये.”

आणि बहीण बाहेर येते. तिचेही हात लाल.

इथून विलास मागणारा राहिला नाही, जाब देणारा झाला. तो आता कागद बॅगेत घालू शकतो, पण तो दाखवलाच नव्हता असं करू शकत नाही. फक्त हे जमायला एक जाच आहे. बहीण आभाळातून पडली तर ती मृत्युपत्राचीच मावशी ठरते. म्हणून सुरुवातीला, विलास पायरीवर बूट काढतो तेव्हा, बायकांच्या चपलांचे दोन जोड दिसले पाहिजेत. त्याने ते पाहावेत, एक वहिनीचा म्हणून सोडावा, दुसऱ्याचा विचार करायच्या आत कलमं मोजायला लागावं. चपलांवर एकच ओळ. दोन ओळी लिहिल्या तर वाचक आधीच ओळखतो, आणि एकही नसेल तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणजे कलाटणी लिहिण्यासाठी दुरुस्ती पुन्हा पहिल्या ओळीपासून करायची! एवढ्या वेळात तुमची आणखी दोन दृश्यं सपाट लिहून झाली असती.

शेवटी बहिणीचं वाक्य. “माझी सही खंय रे?” एवढंच विचारून ती थांबली, तर लोक पुढचं मनात चालवत बसतील, आणि लेखकाने सांगायचं ते लोकांनी का करावं? तिला पदर खोचून उभी करा. 2005 सालच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क कसा दिला, हे तिच्या तोंडून सविस्तर येऊ द्या. दादाने मान डोलवावी, विलासला पश्चात्ताप व्हावा. तलाठी कार्यालयाची वेळ घालता आली तर तीही घाला.