खलबत्तावाली पुडी

आज डोकं फिरलंय. दुपारपासून चहावर चहा चाललाय, तरी राग उतरत नाही, म्हणून लिहून टाकते.

आमच्या ओळखीतली एक शेतकरी कंपनी आहे, निफाडकडची. बेदाणा पॅक करून विकतात. माल खरंच चांगला. आता सिंहस्थ जवळ आलाय, तर जिल्ह्यात ज्याला त्याला ब्रँडिंग सुचतंय, तसं त्यांनाही सुचलं. लोगो, पाकीट, खोके, सगळं नवीन करायचं ठरलं. आमचा मसाल्याचा धंदा आणि त्यात मी एकदा चांगली तोंडावर आपटलेली, म्हणून मला निवड समितीत बसायला बोलावलं. गेले बापडी.

बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाच एजन्सीचे लोक. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आणि प्रत्येकाने लोगो आणि पाकिटाचं डिझाइन करून आणायचं, फुकट. कशाच्या आधारावर? व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या एका ओळीच्या: 'बेदाणा ब्रँडसाठी प्रीमियम आणि मॉडर्न डिझाइन हवे.' एजन्सीला कामाची माहिती द्यायचा ब्रीफ तो एवढाच.

ही ओळ वाचली आणि मला आमची काळी पुडी आठवली.

जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, सातपूरला मसाल्याचं युनिट टाकलं तेव्हापासून आमची पुडी लाल, तिच्यावर पिवळा खलबत्ता. 2021 मध्ये मला आणि दिरांना वाटलं, हे फार गावठी दिसतं. बाहेरगावची एक एजन्सी गाठली आणि त्यांना मी काय सांगितलं? 'काहीतरी प्रीमियम करा.' अगदी हेच शब्द. त्यांनी केलं. काळी मॅट पुडी, त्यावर सोनेरी बारीक अक्षरं. ऑफिसात स्क्रीनवर बघताना आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

रविवार कारंजावरचा आमचा जुना दुकानदार पहिली लडी हातात घेऊन म्हणाला, "वहिनी, ही चहा पावडर आहे का?"

तिथेच समजायला हवं होतं. खेडेगावातून बाजाराला येणाऱ्या बाया आमचं नाव वाचत नव्हत्या, 'ती खलबत्तावाली द्या' म्हणत होत्या. दुकानात आमची लडी ट्यूबलाइटच्या मागे, वर टांगलेली. काळ्या पुडीवर बारीक सोनेरी अक्षरं तिथून दिसतात कुणाला? वर मॅट कागदावर तिखटाची तेलकट पूड बसली की बोटांचे ठसे उठतात. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. एजन्सीला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही सांगितलंच नाही. तेव्हा मी त्यांना महिनाभर शिव्या घातल्या. आज त्यातल्या निम्म्या परत घेते.

म्हणून म्हणते, ब्रीफ म्हणजे विशेषणं नव्हेत. प्रीमियम, मॉडर्न, हटके यांतला एकही शब्द डिझाइन करणाऱ्याच्या कामाचा नसतो. त्याला अडचण सांगा. या बेदाणावाल्यांची अडचण काय, माहितीये? मी आज बैठकीतच खोदून काढली. त्यांचा माल व्यापाऱ्याला सुटा जातो आणि तिथे भाव मिळत नाही, म्हणून त्यांना पाव किलोचं पाकीट थेट दुकानात न्यायचंय. तिथे शेजारी दुसऱ्यांची पारदर्शक पाकिटं असतात, गिऱ्हाईक दाणा बघून घेतं. मग आपल्या पाकिटाला खिडकी ठेवायची की नाही? ठेवली तर उजेडाने दाण्याचा रंग उतरेल का? आखाती देशांत पाठवायचं असेल तर त्याचं पाकीट वेगळं का? हे प्रश्न म्हणजे ब्रीफ. दोन पानांत बसतो. कोण घेतं, कुठे उभं राहून घेतं, आत्ता काय बघून घेतं, आणि कशाला हात लावायचा नाही. आमच्या बाबतीत हे शेवटचं उत्तर एका शब्दाचं होतं: खलबत्ता.

आणि छपाईचं सांगा हो! हे कुणीच सांगत नाही. आमच्या पुड्या ग्रॅव्ह्युअरवर छापतात. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि पुडीचा आकार बदलला की पुन्हा नवा संच. जुन्या पुडीला चार रंग होते. नव्या देखण्या पुडीला सात लागले. आमची मापं चार. म्हणजे अठ्ठावीस सिलिंडर! दिरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ब्रीफमध्ये 'चार रंगांच्या आत' एवढं लिहिलं असतं तर त्याच पोरांनी चार रंगांत करून दिलं असतं. शिवाय किंमत, वजन, बॅच, तारीख, परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका यांना पुडीवर जागा द्यावीच लागते. ती शेवटी कोंबली की डिझाइनचा खेळखंडोबा होतो.

असो. आजचं सांगत होते.

पाचही जण दाखवून गेले. अध्यक्ष खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "ह्याचा रंग घ्या, त्या पोरीचं द्राक्षाच्या घडाचं चित्र घ्या, आणि सगळ्यात स्वस्तवाल्याला सांगा जोडून द्यायला."

मी बघतच राहिले. जिचं चित्र, ती पोरगी अजून बाहेर बसली होती! चोवीस-पंचवीसची असेल. स्वतःच्या खर्चाने प्रिंट काढून, पुठ्ठ्यावर चिकटवून आणलेली. मी म्हटलं, अहो, ते चित्र तिचं आहे, पैसे न देता उचललंत तर ती कोर्टात जाऊ शकते. तर एक संचालक म्हणतात, "ताई, ज्याला काम देऊ त्याला पैसे देणारच की. पैसे दिले म्हणजे लोगो आपलाच." तेही खरं नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. बाहेरच्या माणसाने लोगोचं चित्र काढलं की पहिला हक्क त्याचा. तुमच्याकडे यायचा तर लेखी करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. आणि हे निघालेत दुबईला बेदाणा पाठवायला! आम्हीही तेव्हा यातलं काही लिहून घेतलं नव्हतं. काळ्या पुडीची मूळ फाइल मागितली तर पीडीएफ हातात आली आणि वर निराळं बिल. म्हणून कामाच्या यादीतच घाला: बदल करता येतील अशा मूळ फाइली, अक्षरांच्या फाँटचा परवाना, आणि हक्क हस्तांतराचा कागद. शेवटचा हप्ता त्यानंतर.

मग त्यांच्या अकाउंटंटने कागद पुढे केला. "मॅडम, आम्ही पद्धतशीर केलंय. गुणवत्तेला 70, दराला 30. सरकारी धर्तीवर. त्यातही स्वस्तवालाच येतो." कागद बघितला. हिशोब बरोबर होता, आणि नेमकं तिथेच दुखणं होतं.

समजून घ्या. सोयीसाठी तिघेच घेते. दर दीड लाख, साडेचार लाख आणि साडेसहा लाख. गुणवत्तेचे गुण शंभरपैकी अनुक्रमे 55, 70, 82, आणि बेरजेत त्यांचे 70 टक्के धरायचे. दराचे गुण असे काढतात: सगळ्यात कमी दराला पूर्ण 30, बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे साडेसहावाल्याला दराचे जेमतेम 7 मिळाले. बेरीज केली तर दीड लाखवाला 68.5, साडेसहावाला 64.3, साडेचारवाला 59. जो गुणवत्तेत काठावर पास, तो पहिला! एकाने वेड्यासारखा कमी दर टाकला की बाकी सगळ्यांचे दराचे गुण कोसळतात.

आता दर उघडण्याआधीच एक अट घाला: गुणवत्तेत 60 च्या खाली तो बाद, त्याचं दराचं पाकीट उघडायचंच नाही. दीड लाखवाला गेला. उरलेल्यांत कमी दर साडेचार लाख. पुन्हा बेरीज करा, साडेचारवाला 79, साडेसहावाला 78.2. तेच लोक, तेच दर, आणि पार तळाला असलेला वर आला. अट मात्र आधीच ब्रीफमध्ये छापलेली हवी. निकाल बघून अट घालणं ही लबाडीच झाली.

त्याहून सोपं सांगू? बजेट सांगून टाका. 'आमच्याकडे पाच लाख आहेत, यात काय काय कराल?' मग दराची झटापटच उरत नाही. अध्यक्ष म्हणाले, सांगितलं तर सगळे पाच लाखच मागतील. मागू द्या की! कोण पाच लाखांत किती आणि कसं देतो तेच तर बघायचंय.

आणि गुणवत्तेचे ते 55, 70, 82 आले कुठून? समितीतल्या बाकीच्यांनी मोठ्याने बोलत, अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत दिलेले. माझ्या हातात असतं तर 40 गुण आपली अडचण समजली का याला, 30 जुन्या कामाला, तेही दुकानात जाऊन बघून आणि त्यांच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून, 20 प्रत्यक्ष काम कोण करणार त्या माणसाला, 10 वेळापत्रकाला. आणि प्रत्येकाने गप्प बसून आपापल्या कागदावर लिहायचे, चर्चा नंतर. फुकट डिझाइनला शून्य. ज्याला तुमच्या धंद्यातलं काही सांगितलेलंच नाही, त्याचं चित्र छान दिसलं यावरून काय कळणार? आमची काळी पुडीही छानच दिसत होती. चित्र बघायचंच असेल तर तिघांनाच बोलवा, पूर्ण ब्रीफ द्या आणि प्रत्येकाला थोडे पैसे द्या.

बरं, एजन्सीवाले सगळे संत नसतात, हेही मान्य. मीटिंगला गोडबोल्या साहेब येतो आणि काम कालच लागलेल्या पोराच्या गळ्यात पडतं. म्हणून तर ते 20 गुण.

लिहिता लिहिता राग थोडा निवला. अध्यक्ष वाईट माणूस नाही. बेमोसमी पावसात स्वतःची बाग गेली तरी दुसऱ्यांचा माल विकायला धावणारा माणूस आहे. त्याला वाटतं, सभासदांचा पैसा आहे, एक रुपया जास्त गेला तर लोक काय म्हणतील. आम्हीही अण्णांच्या पैशाबद्दल असाच विचार केला होता. ब्रीफ लिहायला दोन दिवस दिले नाहीत आणि काळ्या पुड्यांचा साठा संपवायला आठ महिने लागले. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. फक्त घरातल्या डब्यासाठी जुनी लाल पुडीच मागायचे.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "ताई, निकाल थांबवलाय. ते दोन पानांचं काय म्हणत होता, ते लिहून द्याल का?" देते म्हटलं. पण आधी त्या पोरीचे प्रिंट. ते अजून त्यांच्या ऑफिसातल्या कपाटावर पडलेत. उद्या निफाडला जाऊन मीच घेणार आणि तिला नेऊन देणार.