साडूंना प्रभावळीसह अंतर्धान पाववण्याची रीत

घरातील एखादी व्यक्ती फोटोतून काढून टाकायची असेल, तर फोटोशॉपमध्ये तिच्या कडेकडेने, केसालाही धक्का न लावता, अगदी चिकटून सिलेक्शन करावे, असा माझा आपणांस आग्रहाचा सल्ला आहे. एक पिक्सेलही बाहेर जाऊ नये. अशा काटेकोरपणाचे फळ असे, की व्यक्ती निघून जाते, पण तिची आठवण फोटोत कायम राहते, तीही देवाच्या मूर्तीमागे असते तशा तेजस्वी प्रभावळीच्या रूपाने.

हे मी अनुभवाने सांगतो. ठाण्यात माझे फोटोच्या डागडुजीचे छोटेसे दुकान आहे. मध्यंतरी पाचपाखाडीतील एक गृहस्थ उपवन तलावावर काढलेला कुटुंबाचा फोटो घेऊन आले. डिसेंबरातील दुपारचे साडेचार वाजलेले होते, ऊन डावीकडून आणि जरासे समोरून येत होते. डाव्या बाजूला सासू-सासरे, गृहस्थांच्या पत्नी आणि मेहुणी उभ्या होत्या. त्यांच्या उजवीकडे, दीड हात अंतर राखून, लाल टी-शर्ट घातलेले साडू उभे होते. सासऱ्यांच्या फ्लॅटच्या वाटणीचा निकाल तेव्हा लागायचा होता, तरी ते दीड हात अंतर फोटोत आधीच उमटले होते. उजवीकडची बाकी जागा तलावाला दिलेली होती. निकाल लागल्यावर गृहस्थांनी साडूंना स्वतःच्या हाताने, मोठे करून पाहत पाहत, बरोब्बर कडेवरून कापले होते, आणि आता माझ्याकडे त्यांची तक्रार अशी होती, की साडू गेले तरी जात नाहीत.

फोटो पाहिला. पाण्यावर एका माणसाची पोकळ आकृती तरळत होती. डोक्याभोवती पांढुरकी रेघ होती, खांद्यालगत गुलाबी छटा होती आणि फरशीवर, कोणाचेही पाय नसताना, एक लांबलचक सावली पसरलेली होती. गृहस्थांनी कापण्यात कणभरही चूक केलेली नव्हती, आणि नेमके हेच आपण त्यांच्यापासून शिकावे.

वस्तूची कड म्हणजे ब्लेडने मारलेली रेघ आहे, ही श्रद्धा प्रथम मनात घट्ट धरावी. काही नास्तिक म्हणतात, की भिंगातून आलेली प्रतिमा थोडी पसरलेली असतेच आणि कडेवर येणाऱ्या पिक्सेलमध्ये अर्धा साडू आणि अर्धा तलाव असा सरमिसळ रंग भरलेला असतो. असे दोन-तीन पिक्सेल प्रत्येक कडेवर असतात. त्यांच्या पलीकडे फोनची करामत सुरू होते. फोटो ठसठशीत दिसावा म्हणून फोन कडेची गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ करतो. साडूंचे केस नुकतेच कलप लावलेले, आणि मागे उन्हाने चकाकणारे पाणी. तेव्हा फोनने त्यांच्या डोक्यालगतचे पाणी होते त्याहून पांढरे करून ठेवले होते. ही प्रभावळ साडूंच्या अंगाचा भाग नाही, ती पाण्यात आहे, म्हणून ती काटेकोर सिलेक्शनच्या बाहेर राहते. साडूंना हलवा, ती जागच्या जागी राहते.

त्यावर जेपीईजीची भर असते. जेपीईजीमध्ये फोटो साठवला जातो तो 8 गुणिले 8 पिक्सेलच्या चौकटींत. एखाद्या चौकटीत अर्धा टी-शर्ट आणि अर्धे पाणी आले, की टी-शर्टच्या कडेची कुरकुर त्या चौकटीच्या पाण्यातही पसरते. रंगाची माहिती तर बहुतेक वेळा निम्म्याच बारकाव्याने साठवतात, म्हणून लाल रंगाची चौकट फोटोवर 16 पिक्सेल रुंद पडते आणि लाली आणखी लांब जाते. खांद्यालगतच्या गुलाबी छटेचे मूळ हे होते. आपण फक्त टी-शर्ट कापावा आणि ही लाली तलावाला दान द्यावी.

आता रिकाम्या जागेत काय भरायचे हे फोटोशॉप कसे ठरवते ते पाहा, म्हणजे आपल्या काटेकोरपणाचे खरे मोल कळेल. 2010 साली आलेल्या सीएस 5 पासून त्यात Content-Aware Fill आहे. ती सोय सिलेक्शनच्या बाहेरचे शेजारी पिक्सेल साक्षीदार मानते, त्यांच्याशी जुळतील असे तुकडे फोटोत इतरत्र शोधते आणि ते आणून जागा भरते. शिवाय सांधा दिसू नये म्हणून भरलेल्या तुकड्यांची छटा कडेशी जुळवून घेते. साक्षीदार खरोखरचे पाणी असेल तर ती पाणी आणते. परंतु आपण कडेला चिकटून कापलेले असल्यामुळे साक्षीला उभे राहतात ते पांढुरके आणि गुलाबी पिक्सेल, म्हणजे साडूंचीच माणसे. ते इमानाने सांगतात, की येथील पाणी गुलाबीच असते, आणि ती छटा कडेवरून आत झिरपत जाते. काही वेळा तर ही उरलेली पट्टीच नमुना म्हणून उचलली जाते आणि साडूंच्या खांद्याचा तुकडा तलावाच्या मध्यावर दुसऱ्यांदा उगवतो. कडेबाहेरच्या आठ पिक्सेलची काटकसर अशी चक्रवाढीने वाढते.

जे लोक Select > Modify > Expand येथे जाऊन 8 हा आकडा घालतात आणि सिलेक्शन चहूबाजूंनी तेवढे पिक्सेल बाहेर ढकलतात, ते या सगळ्या गमतीला मुकतात. 4032 पिक्सेल रुंदीच्या त्या फोटोत साडूंची उंची सुमारे 900 पिक्सेल होती, आणि तीनशे टक्के मोठे करून पाहिले असता कडेपासून सातव्या-आठव्या पिक्सेलपर्यंत पाण्याचा पोत बिघडलेला होता. त्यापलीकडे तो उरलेल्या तलावासारखाच होता. आकडा ठरतो तो असा पाहून. जिम्प वापरणाऱ्यांना हाच मोह Select > Grow या नावाने होतो. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून लहान होऊन आला असता, तर प्रमाणाने तीन-चार पिक्सेल पुरतील असे वाटते, पण जेपीईजीची चौकट मात्र आठाचीच राहते, म्हणून लहान फोटोत आकडा तितका लहान करून चालत नाही. आपण अर्थात शून्यावर ठाम राहावे.

एक्सपांडची भीती वाटत असेल, तर फेदर करावे. तो अधिक सुसंस्कृत मार्ग आहे. चिकटून केलेल्या सिलेक्शनला पाच पिक्सेलचे फेदर दिले, की रेषेच्या दोन्ही बाजूंना ते विरत जाते आणि बरोबर रेषेवर नवे पाणी निम्मे आणि जुने साडू निम्मे असा समसमान वाटा पडतो. फ्लॅटच्या बाबतीत जे जमले नाही ते येथे विनातक्रार जमते. आधी आठ पिक्सेल बाहेर जाऊन मग एखाद्या पिक्सेलचे फेदर दिले, तर विरणारी पट्टी स्वच्छ पाण्यात पडते आणि साडूंचा वाटा शून्य होतो. हा अन्याय आपल्या हातून होऊ नये.

सावलीचा विषय याहून रसाळ आहे. सूर्य हा बिंदू नसून आपल्या आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावलीच्या कडेला एक विरती पट्टी असते आणि तिची रुंदी, सावली पाडणाऱ्या अवयवापासून सावलीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी भरते. त्या दुपारी सूर्य क्षितिजापासून वीसेक अंशांवर होता. अशा उन्हात एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सावली साडेचार मीटरांहून लांब पडते, आणि त्याच्या डोक्यापासून सावलीतील डोक्यापर्यंत तिरके अंतर सुमारे पाच मीटर होते. म्हणजे बुटांपाशी सावलीची कड चाकूसारखी धारदार आहे, तर डोक्यापाशी ती साडेचार सेंटिमीटर पसरलेली आहे. साडूंच्या अंगावर एका सेंटिमीटरला साधारण पाच पिक्सेल पडत होते. सावली मागे उजवीकडे गेल्याने तेथे थोडे कमी धरले, तरी डोक्याकडची विरती पट्टी वीसेक पिक्सेलची होते.

म्हणून सावलीचा गडद भाग तेवढा निवडावा आणि त्याला सगळीकडे सारखेच आठ पिक्सेल द्यावेत, असे मी सुचवतो. बुटांपाशी काम चोख होईल आणि टोकाला फरशीवर एका डोक्याची फिकट चंद्रकोर उरेल. माझ्याकडे आलेल्या फोटोत ती होतीच. मी नाइलाजाने लॅसो घेतला, शिफ्ट दाबून सावलीभोवती हाताने रेघ ओढली, बुटांपाशी पाच पिक्सेल बाहेरून आणि टोकाकडे जाता जाता पंचवीसपर्यंत रुंद करत. बुटाखालची ती काळीकुट्ट चिरही घेतली, कारण ती राहिली तर फरशीवर दोन स्वल्पविराम उरतात. मग Edit > Content-Aware Fill उघडून, नमुने कोठून उचलायचे ते दाखवणाऱ्या हिरव्या भागातून बाकीची माणसे पुसली, नाही तर साडूंच्या जागी सासूबाईंचा पदर उगवायचा.

काही उत्साही लोक हे वाचून सरळ चाळीस पिक्सेल एक्सपांड करतील. त्यांना आडकाठी नाही. त्या फोटोत दीड हात अंतर ओलांडून मेहुणीचा बाहेर आलेला कोपर साडूंना जवळजवळ टेकला होता. सरसकट चाळीसने तो गेला असता आणि फोटोशॉपने त्या जागी पाण्याने बनवलेला कोपर दिला असता. जितकी जागा जास्त तितके फोटोशॉपला मनाने रचावे लागते, आणि फरशीच्या सांध्यांच्या सरळ रेघा मनाने रचताना ते हमखास वाकडे जाते. म्हणून कोपराच्या बाजूला मी वाढलेले सिलेक्शन ऑल्ट दाबून परत कापून घेतले आणि तेवढी कड क्लोन स्टॅम्पने हाताने भरली. हे कंटाळवाणे असते, तेव्हा आपण ते टाळावे.

काम झाल्यावर फोटो तपासू नये. तपासणारे लोक वरती Curves चा एक थर टाकून त्याची रेघ जिन्यासारखी उभी करतात. मग जी गुलाबी छटा डोळ्याला दिसत नव्हती ती डागासारखी उठून दिसते. त्यानंतर ते फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहतात, कारण कडेची रेघ मोठे केल्यावर दिसते आणि उरलेली सावली लहान केल्यावर. गृहस्थांनी यांतले काहीच केलेले नव्हते. त्यांनी आपली प्रत बारा बाय अठरा इंचात छापून दिवाणखान्यात लावली होती, आणि सासरे पहिल्याच दिवशी चष्मा पुसून म्हणाले होते, "अहो जावईबापू, हे पाण्यात कोण उभं आहे?"

दिवाळीत दोघा साडूंचा समेट झाला. गृहस्थ पुन्हा आले, मूळ फोटो पेनड्राइव्हवर घेऊन, आणि म्हणाले, "यांना आता नव्या फोटोत बसवा, आम्ही येऊरला गेलो होतो त्या." अशा वेळी मात्र आपण न विसरता आठ पिक्सेल एक्सपांड करावे, म्हणजे साडू येताना उपवनचे पाणी अंगाभोवती गुंडाळून येऊरच्या झाडीत उभे राहतील. मी Select > Modify > Contract मध्ये 2 घालून सिलेक्शन तेवढे आत घेतले, आणि सावली नव्याने रंगवायला बसलो.