मामाकडं पैसे किती रात्री झोपले

आप्पांनी मामाला एक लाख रुपये दिले ती तारीख १ मार्च २०२०, आणि मामा ते परत द्यायला घरी आले ती २८ फेब्रुवारी २०२४. व्याज पाव्हण्यातलं म्हणून एकदम सोप्पं ठरलेलं, दिवसाला वीस रुपये, चक्रवाढ बिक्रवाढ काही नाही. मामाचे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे चार माग, त्यांच्या दुरुस्तीला पैसे घेतले आणि तीनच आठवड्यांत लॉकडाऊन लागला, म्हणजे माग बंद आणि व्याज चालू. त्यामुळं हा विषय आमच्याकडं आधीच थोडा नाजूक.

रात्री आठला मामा पैशाची पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, दाजी, दिवस झाले चौदाशे अठ्ठावन्न. आप्पांनी चष्मा वर केला. "कुठले ओ पाव्हणं, चौदाशे बासष्ट." फरक चार दिवसांचा, म्हणजे ऐंशी रुपयांचा. तोवर मी कोपऱ्यावरून एकशे वीसची भजी आणून ठेवली होती, पण हे बोलायची सोय नव्हती. दोघंही माझ्याकडं बघून म्हणाले, तू शिकलेला आहेस बे, तूच मोज.

आप्पांचा हिशोब ऐकायला फार दणकट. एक मार्च ते अठ्ठावीस फेब्रुवारी म्हणजे दोन्ही टोकं धरून बरोब्बर वर्ष, अशी चार वर्षं, तीनशे पासष्ट गुणिले चार चौदाशे साठ, त्यात २०२० लीप आणि २०२४ पण लीप, झाले दोन जास्त. मामाचं म्हणणं, मी पैसे नेले संध्याकाळी आणि परत आणलेत ते तुमच्या जेवणाच्या आत, तर ते दोन्ही दिवस कशाला धरायचे?

मी म्हटलं थांबा, मोबाईलवर एक्सेल आहे, दोन मिनिटांत मिटवतो. (हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा बोललोय तेव्हा जेवण थंड झालंय.) एका खान्यात `1/3/2020`, खालच्यात `28/2/2024`, आणि तिसऱ्यात

```
=A2-A1
```

उत्तर आलं `#VALUE!`. मामा म्हणाले हे किती दिवस झाले? नीट बघितलं तर वरची तारीख खान्यात उजवीकडं चिकटलेली आणि खालची डावीकडं. डावीकडं चिकटली म्हणजे एक्सेलनं तिला तारीख मानलंच नाही, नुसता मजकूर समजलं. मग पेटली ट्यूब, फोनची सेटिंग अमेरिकी, तिकडं महिना आधी, आणि अठ्ठाविसावा महिना कुठून आणणार ते. मी हुशारीनं खालची तारीख `2/28/2024` केली आणि लगेच उत्तर आलं, १५१७.

आप्पांचा चेहरा असा उजळला जसा गड्ड्याच्या जत्रेत लाईट लागतात. "मशीन खोटं बोलत नाही," म्हणाले. मामांनी पिशवी पोटाशी धरली. तीस हजार तीनशे चाळीस व्याज!

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला शेंगाचटणी लागलेली. ती म्हणाली, पैसे दिले तो रविवार होता, मला पक्कं आठवतंय, मागाला सुट्टी होती आणि मी मटण केलं होतं. आणि आज बुधवार. बघ तुझं मशीन बुधवारी पोचतंय का.

आता हे मला सुचायला पाहिजे होतं राव. सात दिवसांनी वार परत येतो, म्हणून दिवसांना सातनं भागायचं आणि जी बाकी उरेल तेवढे वार पुढं सरकायचं. १५१७ ला सातनं भागलं की बाकी पाच, रविवारनंतर पाच म्हणजे शुक्रवार. चूक! आणि कारण पण सापडलं, खालची तारीख मी सुधारली पण वरची `1/3/2020` एक्सेलनं गपचूप ३ जानेवारी म्हणून गिळली होती. एरर आली ती तारीख बरी, जी न कुरकुरता बसली तिनंच अठ्ठावन्न दिवस घुसवले.

मग आप्पांचा आकडा घेतला. त्यांनी दोन्ही टोकं धरलेली, म्हणून वारासाठी एक वजा करायचा, १४६१, बाकी पाच, पुन्हा शुक्रवारच. मामांनी दोन्ही टोकं सोडलेली, म्हणून एक मिळवायचा, १४५९, बाकी तीन, आणि रविवारनंतर तिसरा बुधवार. मामांनी भजं उचललं.

पण वार जुळला म्हणून आकडा खरा असं नाही, बरोब्बर सात किंवा चौदा दिवसांची चूक असली तरी वार जुळतोच. म्हणून मी मुठीवर मोजायला बसलो. १ मार्च २०२० ते १ मार्च २०२३, तीन वर्षं, एक हजार पंच्याण्णव. तिथनं महिन्यामहिन्यानं १ फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीनशे सदतीस. एक फेब्रुवारी ते अठ्ठावीस फेब्रुवारी सत्तावीस. बेरीज चौदाशे एकोणसाठ.

"आणि माझे लीपचे दोन दिवस?" आप्पा.

"आप्पा, २०२० ची एकोणतीस फेब्रुवारी पैसे द्यायच्या आदल्या दिवशी होऊन गेली. २०२४ ची उद्या आहे. लीप वर्षं दोन असली तरी आपल्या मधे एकोणतीस तारीख एकदाही येत नाही."

आप्पा जरा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले, जणू त्यानंच दगा दिला. मामा बोललेच, बघा, चार वर्षांत एक लीप यायलाच पाहिजे असं काही नसतं. मी म्हटलं मामा, पूर्ण चार वर्षं असली तर येतोच, म्हणजे २१०० पर्यंत तरी, कारण ते वर्ष चारनं जात असलं तरी शंभरनं पण जातं आणि चारशेनं जात नाही, म्हणून लीप नाही. मामा म्हणाले तेव्हाचं व्याज तेव्हा बघू.

राहिली टोकं. इथं माझं शिक्षण संपलं आणि आईचं सुरू झालं. ती म्हणाली, दूधवाला एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत आला तर पैसे दहा दिवसांचे, कारण दोन्ही दिवशी दूध घेतलं. व्याज तसं नसतं. पैसे मामाकडं किती रात्री झोपले ते मोजा. एकला दिले आणि दहाला आणले तर नऊ रात्री. मग बँक पण ठेव ठेवलेला दिवस धरते आणि काढलेला सोडते तो हिशोब माझ्या डोक्यात बसला, आणि मामाचं 'संध्याकाळी नेले' पण निकालात निघालं, कारण ती रात्र पैशांनी मामाकडंच काढली की.

म्हणजे चौदाशे एकोणसाठ रात्री, गुणिले वीस, एकोणतीस हजार एकशे ऐंशी. आप्पा साठ रुपयांनी खाली आले, मामा वीस रुपयांनी वर गेले, दोघांनाही आपल्यावर अन्याय झाल्याचं समाधान मिळालं, आणि आईनं गरम केलेली आमटी तिसऱ्यांदा गार झाली होती ती चौथ्यांदा गरम केली.

मामांनी पिशवी उघडली, नोटा मोजल्या, चुकल्या, परत मोजल्या, आणि आप्पांपुढं केल्या. आप्पांनी हात पुढं केला आणि मधेच थांबवला. ते घड्याळाकडं बघत होते. बारा वाजून दहा मिनिटं.

"पाव्हणं," आप्पा म्हणाले, "आली बघा एकोणतीस."