वैशाखीच्या शुभेच्छा गुरुमुखीत देताय? मग "दी" नको, "दीआं" लिहा

मोहालीत नोकरीला येऊन मला आता तिसरं वर्ष आहे आणि एप्रिल आला की दरवर्षी एकाच गोष्टीवरून जीव तुटतो, म्हणून एकदा नीट लिहितोच. ऑफिसच्या ग्रुपवर वैशाखीच्या दिवशी एक फोटो येतो, गव्हाच्या ओंब्या, ढोल, आणि खाली गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत, मोठ्या अक्षरात शुभेच्छा. अक्षरं गुरुमुखी पण वाक्य चक्क हिंदी, "वैशाखी की हार्दिक शुभकामनाएं" जसंच्या तसं लिपी बदलून टाकलेलं. आपल्याला कुणी गुढीपाडव्याला देवनागरीत "गुडी पडवा की शुभेच्छायें" पाठवलं तर कसं वाटेल? भावना चांगलीच असते हो, पण समोरच्याची भाषा तिथे नसतेच.

पहिल्या वर्षी मी स्वतः लिहायचं ठरवलं. माझ्या शेजारच्या डेस्कवर अकाउंट्सचे एक सीनियर सरदारजी बसतात, घर बरनाल्याकडचं, घरची गव्हाची शेती, कापणी याच सुमारास सुरू होते त्यामुळे वैशाखीच्या आसपास त्यांचा अर्धा जीव गावाकडे असतो. त्यांच्यासाठी मी फोनवर पंजाबी कीबोर्ड टाकून (यादीत "पंजाबी" दोनदा दिसू शकतं, त्यातलं गुरुमुखी घ्यायचं, दुसरं शाहमुखी म्हणजे उर्दूसारख्या लिपीतलं) हे पाठवलं:

ਵਿਸਾਖੀ ਦੀ ਲਖ ਲਖ ਵਧਾਈਆਂ

त्यांनी आधी मनापासून हात जोडले आणि मग दुपारी चहाला माझ्या वहीत बरोबर लिहून दाखवलं:

ਵਿਸਾਖੀ ਦੀਆਂ ਲੱਖ ਲੱਖ ਵਧਾਈਆਂ

विसाखी दीआं लख्ख लख्ख वधाईआं, म्हणजे वैशाखीच्या लाख लाख शुभेच्छा. फरक दोनच जागी आहे पण त्या दोन जागांत अख्खी पंजाबी आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

पहिली जागा "दीआं". वधाई हा स्त्रीलिंगी शब्द, त्याचं अनेकवचन वधाईआं, आणि मागचा "दी" पण त्याच्याबरोबर अनेकवचनी होतो, दीआं. माझी चूक झाली कारण मी डोक्यात हिंदीतून गेलो, हिंदीत "की" एकवचनात पण की आणि अनेकवचनात पण कीच. मराठीतून गेलो असतो तर चुकलोच नसतो! आपण "दिवाळीची शुभेच्छा" म्हणतो पण "दिवाळीच्या शुभेच्छा", ची चं च्या होतं ना, अगदी तसंच तिकडे दी चं दीआं होतं. म्हणजे मराठी माणसाला हा नियम आधीच येतो, फक्त मधे हिंदीला उभं करायचं नाही. लोहडीला पण हेच वाक्य चालतं, फक्त पहिला शब्द ਲੋਹੜੀ करायचा.

दुसरी जागा लख्ख मधली. ਲੱਖ च्या ਲ वर जी छोटी वाटी दिसते तिला अद्दक म्हणतात. मराठी डोळ्याला ती थेट आपल्या बॅट, कॅरम मधल्या चंद्रासारखी दिसते त्यामुळे आपण "लॅख" वाचून मोकळे होतो. पण अद्दकाचा अर्थ "पुढचं अक्षर जोर देऊन दुप्पट म्हणा" असा आहे. पुढचं, ज्याच्यावर बसलंय ते नाही. म्हणून टाइप करताना पण क्रम ल, अद्दक, ख असा येतो, बरेच जण ख नंतर अद्दक देतात आणि मग ते ਲਖੱ असं विचित्र दिसतं. गुरुमुखीत आपल्यासारखी जोडाक्षरं फारच कमी, त्यामुळे पक्का, अख्खा असल्या दुप्पट उच्चाराचं काम हे एक चिन्हच करतं.

अजून एक, ਸ हे अक्षर. ते हुबेहूब आपल्या म सारखं दिसतं पण ते आहे स! काना आणि वेलांट्या ओळखीच्या असल्याने आपण धडाधड वाचत जातो आणि ਵਿਸਾਖੀ चं "विमाखी" होतं, ਸਿੰਘ चं "मिंघ". खरा म आहे ਮ, त्याच्या डोक्यावरची रेघ मधे उघडी असते. डोक्यावर सलग रेघ असेल तर स, उघडी असेल तर म, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आणि फोटोवर अक्षरं टाकणार असाल तर ਵਿ मधली पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडेच आलीय ना हे बघा, काही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उजवीकडे घसरते.

उच्चाराचं मला फार उशिरा कळलं. मी "वधाईआं" आपल्या धान्यातल्या ध ने म्हणायचो आणि ते ऐकून सगळे म्हणायचे छान छान, पण ते स्वतः तसं म्हणत नव्हते. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ लिहिले जातात पण त्यातला हकार बोलताना जातो आणि त्याच्या जागी आवाजाची पट्टी बदलते. वधाईआं मध्ये ध चा द होतो आणि पुढचा "आ" खालच्या पट्टीत जातो. सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे आपण ज्यांना "पाजी" म्हणतो तो शब्द गुरुमुखीत ਭਾਜੀ, भाजी, असा लिहितात. शब्दाच्या सुरुवातीला भ चा प झाला आणि आवाज खाली उतरला, एवढंच. त्यामुळे स्पेलिंग ऐकून लिहू नका, "वदाइयां" ऐकलं म्हणून द टाकला तर तो चुकलाच.

आता उत्तर. हे कुणी सांगतच नाही, सगळे फक्त पाठवायचं काय ते सांगतात. तुम्हाला कुणी वधाईआं दिल्या तर नुसता थँक्यू किंवा हात जोडलेला इमोजी कोरडा वाटतो, आधी त्या परत करायच्या असतात:

ਤੁਹਾਨੂੰ ਵੀ ਜੀ, ਸਾਰੇ ਪਰਿਵਾਰ ਨੂੰ ਬਹੁਤ ਬਹੁਤ ਵਧਾਈਆਂ

तुहानूं वी जी, सारे परिवार नूं बहुत बहुत वधाईआं. तुम्हालाही, सगळ्या घराला खूप खूप. "तुहानूं" म्हणजे तुम्हाला, बोलताना त्यातला ह पण विरतो आणि तुआनूं असं काहीसं ऐकू येतं. जवळच्या मित्राला ਤੈਨੂੰ ਵੀ, तुलाही, चालतं पण ऑफिसात मोठ्या माणसाला नको, आपण सरांना "तुला पण" म्हणू का? आणि नूं वर टिप्पी (ੰ) येते पण वधाईआं च्या शेवटी साधी बिंदी (ਂ), दोन्ही अनुस्वारच, फक्त आधीची मात्रा बघून ठरतात. उकारावर टिप्पी, काना असेल तर बिंदी.

एक वाक्य मात्र सुधारायला जाऊ नका. वैशाखीला गुरुद्वारात "वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह" ऐकाल, 1699 साली याच दिवशी आनंदपूर साहिबला गुरु गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापन केला त्याच्याशी हे जोडलेलं आहे. त्यातला का आणि की तसाच ठेवायचा, दा आणि दी करायचं नाही. त्याचं उत्तर म्हणजे तेच अख्खं वाक्य परत.

आणि मेसेज ठोकण्याआधी माणूस बघा. 1919 चं जालियनवाला बाग याच तारखेचं, 13 एप्रिल. आमच्या सरदारजींच्या घरी त्या दिवशी सकाळी अरदास म्हणजे प्रार्थना होते, जेवण होतं, ढोल कुणी लावत नाही. त्यामुळे नाचणारे स्टिकर मी त्यांना पाठवत नाही, शब्दच पाठवतो.

यावर्षी सकाळी सातला मी पाठवलं, दीआं आणि दोन्ही अद्दक तपासून. ते शेतावर होते, साडेनऊला कापणी झालेल्या पट्ट्याचा एक फोटो आला आणि खाली ਤੁਹਾਨੂੰ ਵੀ ਪੁੱਤਰ, ਘਰਦਿਆਂ ਨੂੰ ਵੀ, तुम्हालाही बेटा, घरच्यांनाही. पुत्तर वर अद्दक होता, मी पहिल्या नजरेत बरोबर वाचला.