'३० एफपीएस, शटर १/६०, फ्लिकर गायब' या मेसेजबद्दल

"व्हिडिओ स्मूद पाहिजे तर ३० एफपीएस, शटर १/६० ठेवा, ट्यूबलाइट-एलईडीखाली फ्लिकर येणारच नाही."

भावांनो, हे अमेरिकेत चालतंय, तिथली वीज ६० हर्ट्झची हाय. आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणजे चोकवाली ट्यूब आणि स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि शटर १/६० सेकंद उघडं राहतं तेवढ्यात उजेडाचे दीडाच्या वर झटके बसतात, पुरे दोन नाहीत, म्हणून प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा पडतो. तालमीत कुस्तीचा सराव शूट करा, मागच्या पांढऱ्या भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतील, मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर कधीकधी लक्षातपण येत नाही.

तिथं २५ एफपीएस आणि १/५० लावा, दोन झटके पुरे बसतात, हालचालपण स्मूद येते. स्लो मोशनला ५० एफपीएस, १/१००. तीसच पाहिजे तरी शटर १/५०च ठेवा, चालतंय. उजेड जास्त झाला तर आयएसओ कमी करा, शटरला हात लावू नका (१/५०० केलं की पट्टे हमखास). मंडपातल्या डिमरवाल्या एलईडीची फ्रिक्वेन्सी मात्र वेगळी असते, तिथं शटर थोडं थोडं बदलून पट्टे कधी जातात ते बघायचं.

तो मेसेज ग्रुपवर पुढं ढकलू नका, टाकला असेल तर त्याखाली १/५० लिहा.