भरती म्हणजे नोकरभरती नव्हे: एकेक शब्द अ‍ॅपमध्ये टाकणाऱ्यांसाठी

«पाटी, मेन्यू, सूचना इंग्रजीत करायला पैसे देऊ नका. एकेक शब्द भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाका आणि उतरवून घ्या. शब्द जितका छोटा, तितकी चूक कमी. खात्री करायची तर आलेला इंग्रजी शब्द उलटा मराठीत करून बघा. तोच शब्द परत आला की शंभर टक्के बरोबर.»

किनाऱ्यावरच्या घरगुती निवासवाल्यांच्या ग्रुपांमधून हा मेसेज फिरतोय. काल तो वहिनींकडून माझ्याकडे आला, खाली प्रश्न: «असंच करू ना?» नका करू, वहिनी. आणि ज्यांनी पाट्या रंगवायला टाकल्यात, त्यांनी आधी रंगाऱ्याला थांबवा.

सगळ्यात घातक आहे ती उलटी तपासणी, म्हणून आधी तीच बघू. समुद्राकडे जाणाऱ्या पाखाडीवर लावायची पाटी घ्या. वर दोन रकाने, भरती आणि ओहोटी, खाली वेळा. «भरती» एवढाच शब्द टाकला तर इंग्रजीत «रिक्रूटमेंट», म्हणजे नोकरभरती, येण्याची पुरेपूर शक्यता आहे. आता मेसेजमध्ये सांगितलंय तसं «रिक्रूटमेंट» उलटं मराठीत करा. उत्तर येईल «भरती». तोच शब्द परत आला, मेसेजच्या हिशेबाने शंभर टक्के बरोबर! पाहुणा मात्र वाचणार, «रिक्रूटमेंट, सकाळी सव्वासात», आणि त्याच वेळेला पोरांना घेऊन पाण्यात उतरणार.

असं का होतं ते नीट समजून घ्या. दोन अर्थ आहेत ते मराठी शब्दाच्या पोटात. इंग्रजीत जाताना त्यातला एक निवडला जातो आणि दुसरा गळतो. परत येताना चुकीच्या अर्थाची वाटही त्याच मराठी शब्दाशी येऊन मिळते. म्हणून ज्या शब्दाला दोन अर्थ आहेत, नेमक्या त्याच शब्दाची चूक ही तपासणी पकडू शकत नाही. मेन्यूतल्या «हलवा»चंही तेच. गोडाचा हलवा म्हणून भाषांतर झालं तरी उलट येताना «हलवा»च येणार, आणि आपल्याला द्यायचा होता काळा पापलेट.

दुसरा मुद्दा, «शब्द छोटा तितकी चूक कमी». हे पार उलटं आहे. अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी यंत्राकडून भाषांतर करून घेण्याविषयी जे टिपण लिहिलं ते 1949 सालचं, आणि ही अडचण त्यात स्पष्ट मांडलेली आहे. ते म्हणतात, पुस्तकावर एक जाड कागद ठेवा, त्याला फक्त एक शब्द दिसेल एवढंच भोक पाडा, आणि त्यातून एकेक शब्द बघा. कोणत्याच शब्दाचा अर्थ ठरवता येणार नाही. त्यांचं उदाहरण इंग्रजी «फास्ट»चं होतं: वेगवान हाही अर्थ, आणि जागचा न हलणारा हाही. भोक दोन्ही बाजूंना रुंद करत गेलात, शेजारचे पुरेसे शब्द दिसायला लागले, की मधल्या शब्दाचा अर्थ ठरतो.

आजची अ‍ॅप्स शेजारच्या शब्दांवरच चालतात. ती शिकतात ती वाक्यांच्या जोड्यांवरून, एका भाषेतलं वाक्य आणि त्याचं दुसऱ्या भाषेतलं रूप. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ इतर शब्दांकडे बघून लावला जातो. शेजारी कोणीच नसेल तर उरतो फक्त अंदाज: शिकताना जो अर्थ जास्त वेळा भेटला, त्याचं पारडं जड. इंटरनेटवरच्या मराठीत पोलीस भरती, तलाठी भरती, शिक्षक भरती यांच्या जाहिराती आणि बातम्या ढिगाने आहेत. समुद्राच्या भरतीबद्दल कितीसं लिहिलं जातं? आणि अंदाज असला तरी अ‍ॅप «मला खात्री नाही» असं म्हणत नाही. नुसता अंदाज आणि पक्कं उत्तर, दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात.

पण नुसते शब्द वाढवूनही भागत नाही. «आज भरती आहे» हे तीन शब्दांचं पूर्ण वाक्य आहे, आणि ते पोलीस मैदानावरही तितकंच खरं आहे. शेजारी अर्थ पक्का करणारा शब्द हवा. «आज समुद्राला भरती आहे, पाण्यात उतरू नका» असं लिहिलं की समुद्र आणि पाणी हे दोन शब्द नोकरीला जागाच ठेवत नाहीत. इंग्रजी वाक्यात «हाय टाइड» येईल, तेवढं उचलून पाटीवर घ्या. मेन्यूचं तसंच. «हलवा फ्राय»वर विसंबू नका, «हलवा हा समुद्रातला मासा आहे, तो रवा लावून तळतात» असं टाका.

तिसऱ्या या शिंपल्यांच्या बाबतीत तर हयगय नकोच. «तिसऱ्या मसाला»मधल्या पहिल्या शब्दाचा अर्थ «तिसरा क्रमांक» असा लागू शकतो. शिंपल्यांतल्या जिवांची अ‍ॅलर्जी काही जणांना इतकी तीव्र असते की श्वास अडकतो. असा पाहुणा मेन्यू वाचूनच ठरवतो काय खायचं ते. तिथे «थर्ड मसाला» लिहिलं असेल तर त्याला सावध करणारा शब्दच उरला नाही. «तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले» असं वाक्य टाकून मगच इंग्रजी शब्द घ्या.

भाषा ओळखण्याचं काम अ‍ॅपवर सोडू नका, हेही मेसेजमध्ये नाही. मराठी आणि हिंदीची लिपी एकच. पूर्ण वाक्यात «आहे», «नका» असलं काही असतं, त्यावरून मराठी कळते. सुटा «बंदर» टाकला तर त्याला काय कळणार? हिंदीत ते माकड. म्हणून आधी वर हाताने मराठी निवडा.

तपासायचंच असेल तर आलेला इंग्रजी शब्द मराठीत आणण्याऐवजी चित्रांच्या शोधात टाका. «रिक्रूटमेंट»ला मुलाखतीची टेबलं दिसतील, «हाय टाइड»ला लाटा. मिनिटभराचं काम आहे, आणि मराठी शब्द मध्ये येतच नाही, त्यामुळे दोन अर्थांचा घोळ होत नाही.

मेसेजमधलं एक मान्य करावं लागेल, मनाविरुद्ध का होईना: कोळंबी, फणस, मीठ असे एकाच अर्थाचे शब्द सुटे टाकले तरी बहुधा ठीक येतात. पैसे वाचतात हेही खरं. पण कोणता शब्द एकअर्थी आहे हे अ‍ॅप सांगत नाही, ते आपणच ओळखायचं. यादी घेऊन बसा, प्रत्येक शब्दाला «याचा दुसरा काही अर्थ होतो का?» एवढं विचारा. मोरी, वाटप, हलवा, तिसऱ्या, भरती लगेच बाजूला पडतील.

आणि पाटीवर शब्द बरोबर आला तरी वेळा रंगवून टाकू नका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. «हाय टाइड» पक्क्या रंगात लिहा, खालची वेळ खडूने, रोज सकाळी.