परत तोच पाय चार्ट!

दर सोमवारी डॅशबोर्ड तपासायला येतो आणि वर मधोमध तोच रंगीबेरंगी पाय चार्ट! उद्यमबागेतली फौंड्री आहे बाबांनो, रांगोळी स्पर्धा नव्हे. रिजेक्शनची अकरा कारणं, अकरा रंग, आणि लेबलं कसली? ‘D04’, ‘D07’. अरे, ‘ब्लोहोल’, ‘वाळू पडली’ असं सरळ लिहायला हात दुखतात काय?

बरं, पाय चार्ट दाखवतो फक्त वाटा. समजा गेल्या आठवड्यात रिजेक्शन ४ टक्के होतं, या आठवड्यात ७ झालं, आणि दोन्ही वेळा त्यात ब्लोहोलचा वाटा ४० टक्के. चित्र हुबेहूब तेच! प्रत्यक्षात शंभर कास्टिंगमागे ब्लोहोलचे १.६ होते, ते २.८ झालेत. मॅनेजरसाहेब चहा पिता पिता बघणार, ‘काही फरक नाही’ म्हणणार, आणि ज्यानं कास्टिंगमध्ये ही वायूची भोकं पडू शकतात, तो वाळूतला ओलावा तपासायचा राहणार.

कारणांचे आडवे बार लावा, मोठं वर, लहान खाली. शेजारी रोजच्या टक्केवारीची रेषा आणि तिच्यावर मर्यादेची एक रेघ. एवढंच मागतोय कधीपासून! तर डॅशबोर्ड बनवणारं पोरगं विचारतंय, ‘सर, पाय थ्रीडी करून देऊ काय?’